डब्यावरची बारीक अक्षरं

तेलाच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यावर आयएसआयची खूण दिसली की बहुतेक घरांत चौकशी तिथेच थांबते. हे तेल सरकारने तपासलेलं आहे, असा त्या खुणेचा अर्थ लावला जातो. त्याच खुणेच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो, तो मात्र कुणी वाचत नाही. पंधरा किलोच्या किंवा पंधरा लिटरच्या डब्यावर तो बऱ्याचदा ‘आयएस १०३२५’ असा असतो आणि दहा किलोपर्यंतच्या डब्यांवर ‘आयएस १०३३९’. भारतीय मानक ब्यूरोचे हे दोन्ही क्रमांक डब्याचे आहेत. डबा कसा बनवलेला असावा, एवढंच ते सांगतात. आत शेंगदाणा तेल आहे, सरकीचं आहे की पामतेल, याच्याशी त्या खुणेचा काही संबंध नाही. तेलांची मानकं वेगळी आहेत. शेंगदाणा तेलाचा क्रमांक ५४४, खोबरेल तेलाचा ५४२. म्हणजे खूण तीच, पण तिच्यावरचा आकडा बदलला की हमी कशाची हेही बदलतं.

या एका खुणेपासून सुरुवात केली, कारण डब्याच्या बाबतीतला बराचसा घोळ इथूनच सुरू होतो. डब्यावरची प्रत्येक खूण एकाच गोष्टीबद्दल बोलते. एक पत्र्याबद्दल, एक परवान्याबद्दल, एक आतल्या मालाच्या प्रतीबद्दल. दिशाभूल करणारा माणूस खोटी खूण छापेलच असं नाही. खरी खूण छापून, तिचा भलताच अर्थ आपण लावू, एवढ्यावर त्याचं भागतं.

सणासुदीच्या आधी आजकाल डबा हातात येण्याआधी त्याचा फोटोच येतो. घाऊक दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, सोसायटीतलं कुणीतरी एकत्र मागणी नोंदवतं, गावाकडून काका विचारतात, ‘हा घेऊ का?’ फोटोचा एक मोठा फायदा आहे. दुकानात उभं राहून जी बाजू कधी वाचली जात नाही, ती घरी बसून मोठी करून वाचता येते. पण त्यासाठी एक फोटो पुरत नाही. डब्याची समोरची बाजू ही जाहिरात असते. माहिती बाजूच्या पट्टीवर असते, आणि बॅच क्रमांक व तारीख बहुतेकदा झाकणावर किंवा कडेला शाईने उमटवलेली असते. म्हणून समोरचा, माहितीच्या पट्टीचा, झाकणाचा आणि उभ्या सांध्याचा असे चार फोटो मागावेत. पत्रा चमकतो, त्यामुळे फ्लॅश बंद ठेवून किंचित तिरक्या बाजूने काढलेला फोटो जास्त वाचनीय येतो. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीचा फोटो दाबून लहान करतं आणि मग परवाना क्रमांकातला तीन कुठला नि आठ कुठला ते कळत नाही. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितलं तर ही अडचण येत नाही. ऑनलाइन दुकानातल्या चित्राचा मात्र भरवसा धरू नये. तो नमुन्याचा फोटो असतो. घरी येणाऱ्या डब्यावर तेच छापलेलं असेल याची खात्री नसते.

आता एक डबा वाचायला घेऊ. तो कुठल्याही एका कंपनीचा नाही, पण त्यावरची एकेक गोष्ट बाजारात सापडते. पिवळी पार्श्वभूमी, त्यावर फोडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची रास, लाल ठळक अक्षरांत ब्रँडचं नाव, खाली ‘डबल रिफाइंड’ आणि सगळ्यात मोठा आकडा ‘१५’. पाहणाऱ्याच्या मनात वाक्य तयार होतं: पंधरा किलो शेंगदाणा तेल, दोनदा शुद्ध केलेलं. या वाक्यातला एकही शब्द डब्यावर लिहिलेला नसू शकतो.

पहिल्यांदा शोधायचं ते पदार्थाचं खरं नाव. ब्रँडचं नाव नव्हे, चित्र नव्हे, तर हा पदार्थ नेमका काय आहे ते सांगणारी ओळ. आपल्या डब्यावर ती शेंगांच्या राशीखाली लहान अक्षरांत आहे: ‘ब्लेंडेड एडिबल व्हेजिटेबल ऑइल’. म्हणजे हे मिश्र तेल आहे. मिश्र तेल विकणं गुन्हा नाही. त्यात दोन खाद्यतेलं असतात, दोन्हींपैकी कोणतंही वीस टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही, आणि कोणतं किती टक्के हे डब्यावर छापावं लागतं. आपल्या डब्यावर पामोलीन ८० टक्के आणि शेंगदाणा तेल २० टक्के आहे. ज्या शेंगांनी समोरची अर्धी बाजू व्यापली, त्यांचा आतला वाटा कायद्याने चालेल तितका कमीत कमी आहे.

याच ठिकाणी अ‍ॅगमार्क पाहायचा. इतर बहुतेक तेलांना तो ऐच्छिक असतो, पण मिश्र खाद्यतेलाला सक्तीचा आहे. डब्यावर ‘ब्लेंडेड’ आहे आणि अ‍ॅगमार्क कुठेच नाही, तर तिथेच थांबावं. ‘डबल रिफाइंड’ हा शब्दही तपासण्यासारखा आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांनी खाद्यतेलाच्या डब्यावर ‘सुपर रिफाइंड’, ‘डबल रिफाइंड’, ‘अल्ट्रा रिफाइंड’, ‘अँटी कोलेस्टेरॉल’ असे गुणवत्ता फुगवून सांगणारे शब्द वापरायला मनाई केली आहे. घाण्याच्या शेंगदाणा तेलावर ‘डबल फिल्टर’ लिहिलेलं असतं, ते वेगळं. ती नुसती दोनदा गाळल्याची नोंद. पण मनाई असलेला शब्द समोर मोठ्या अक्षरांत छापणारा उत्पादक बाकीचे नियम काटेकोर पाळत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

यानंतर मी पोषणमूल्यांचा तक्ता वाचते. पाकीट उलटं करून कॅलरी पाहण्यापलीकडे या तक्त्याचा उपयोग फारसा कुणी करत नाही, पण तेलातुपाच्या बाबतीत तो चांगला साक्षीदार आहे. प्रत्येक तेलात संपृक्त चरबीचं प्रमाण साधारण ठरलेलं असतं. तक्त्यात ते ‘सॅच्युरेटेड फॅट’ म्हणून येतं. शंभर ग्रॅम सूर्यफूल तेलात ती दहा-बारा ग्रॅम असते, शेंगदाणा तेलात अठरा-वीसच्या आसपास, पामोलीनमध्ये चाळिशीच्या वर. आपल्या डब्याचा हिशेब करून पाहा. पामोलीनची बेचाळीस धरून तिचे ऐंशी टक्के, शेंगदाण्याची अठरा धरून तिचे वीस टक्के, बेरीज सदतीसच्या आसपास येते. तक्त्यात सदतीस-अडतीस असेल तर लेबल स्वतःशी सुसंगत आहे. पण समोर ‘शुद्ध शेंगदाणा तेल’ आणि तक्त्यात सदतीस असेल, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे. अशी विसंगती राहून जाते, कारण समोरची बाजू सजवताना जी काळजी घेतली जाते, ती मागच्या बारीक तक्त्याला मिळत नाही.

तुपाच्या डब्यावर हाच तक्ता आणखी स्पष्ट बोलतो. तूप दुधाच्या चरबीचं असतं आणि त्यात कोलेस्टेरॉल असतंच, शंभर ग्रॅममध्ये दोन-तीनशे मिलिग्रॅमच्या घरात. वनस्पतीजन्य चरबीत ते जवळपास नसतं. गायीचं चित्र, कृष्णाचं चित्र, सोनेरी रंग, दाणेदार पोत दाखवणारा चमचा, आणि तक्त्यात कोलेस्टेरॉल शून्य, असा डबा दिसला तर ते साजूक तूप नाही. खाली बारीक अक्षरांत ‘कुकिंग मीडियम’, ‘व्हेजिटेबल फॅट’ किंवा ‘वनस्पती’ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. तुपाच्या घटकांच्या यादीत दुधाच्या चरबीशिवाय दुसरं काही असायला नको, तुपाचा वास देणारा फ्लेवर तर नाहीच नाही.

त्या मोठ्या ‘१५’ कडे परत जाऊ. पंधरा काय? किलो की लिटर? तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. पंधरा लिटर शेंगदाणा तेल आपल्याकडच्या हवेत साधारण साडेतेरा-पावणेचौदा किलो भरतं. दोन्ही माप कायदेशीर आहेत आणि दोन्ही डबे शेजारी ठेवले तर उंचीतला फरक सहज लक्षात येत नाही. समजा पंधरा किलोचा एक डबा २,५५० रुपयांना आहे आणि दुसरा, पंधरा लिटरचा, २,४०० रुपयांना. दुसरा दीडशे रुपयांनी स्वस्त वाटतो. पण त्यात १३.६५ किलो तेल असेल तर किलोला जवळजवळ १७६ रुपये पडतात, आणि पहिल्यात १७० रुपये. स्वस्त दिसणारा डबा महाग आहे.

या मापातली आणखी एक पळवाट केंद्र सरकारने बंद केली. तेल गरम असताना फुगतं आणि हलकं होतं. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश तापमानाला ९१९ ग्रॅम भरतं, तर ६० अंशांना ८९३ ग्रॅमच्या आत. काही कंपन्या ‘६० अंश सेल्सिअसला एक लिटर’ असं छापून कमी तेल देत होत्या. म्हणून २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने बजावलं की तापमानाचा उल्लेख न करता लिटर छापा आणि सोबत वजनही छापा, आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. त्यामुळे आजच्या डब्यावर लिटर असेल तर शेजारी किलो किंवा ग्रॅम असलंच पाहिजे. फोटोत नुसतं ‘१५ लिटर’ दिसत असेल तर एक तर माल जुना आहे, नाही तर लेबल नियमाबाहेरचं आहे.

आता परवाना. एफएसएसएआयच्या चिन्हाखाली चौदा आकडी क्रमांक असतो. पहिला अंक १ असेल तर तो परवाना आणि २ असेल तर लहान व्यावसायिकाची नुसती नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे १५, गुजरातचे ०७, आणि ०० असेल तर परवाना केंद्राने दिलेला. त्यापुढचे दोन अंक वर्षाचे. म्हणजे ११५२१ ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्रात २०२१ मध्ये दिलेल्या परवान्याचा. पत्ता राजकोटचा आणि क्रमांक ११५ ने सुरू होणारा, असं दिसलं तर लगेच खोटं ठरवू नका. डब्यावर एकाहून जास्त परवाने असू शकतात, बनवणाऱ्याचा एक आणि बाजारात आणणाऱ्याचा दुसरा. कोणता कुणाचा हे शेजारच्या ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ आणि ‘मार्केटेड बाय’ या शब्दांवरून जुळवायचं.

एफएसएसएआयच्या क्रमांकाला लोक शुद्धतेचं प्रमाणपत्र समजतात. तो फक्त सांगतो की हा धंदा करायला या माणसाला परवानगी आहे आणि तो कुठे सापडेल. आणि क्रमांक दुसऱ्याचा उचलून छापणंही अवघड नाही. म्हणून चौदा आकडे `foscos.fssai.gov.in` या संकेतस्थळावर टाकून पाहावेत. तिथे परवानाधारकाचं नाव आणि पत्ता येतो. तो डब्यावरच्या नाव-पत्त्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. परवाना चालू आहे का, आणि तो तेलाच्या धंद्याचा आहे का, हेही बघावं. क्रमांक खरा निघावा, पण परवाना एखाद्या बेकरीचा असावा, तर त्या डब्याविषयी आणखी काही विचारायची गरज उरत नाही. आयएसआयच्या खुणेखालचा ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर असाच तपासता येतो.

आतल्या मालाच्या प्रतीबद्दल बोलणारी खूण म्हणजे अ‍ॅगमार्क. तिचा कायदा १९३७ चा आणि तुपाच्या प्रतवारीचे नियम त्याच्या पुढच्याच वर्षीचे. ही खूण सांभाळणाऱ्या पणन व निरीक्षण संचालनालयाची मध्यवर्ती प्रयोगशाळा आपल्या नागपुरात आहे. भारताचा नकाशा आणि उगवता सूर्य असलेलं ते चिन्ह नुसतं दिसून भागत नाही. त्याच्याबरोबर प्रत लिहिलेली असते. तुपाच्या ‘स्पेशल’ प्रतीचं लेबल लाल आणि ‘जनरल’ प्रतीचं हिरवं. या दोन प्रतींतला मुख्य फरक मोकळ्या मेदाम्लांचा आहे. तूप जुनं किंवा खराब लोण्याचं असेल तर ती वाढतात. ‘स्पेशल’मध्ये ती १.४ टक्क्यांपर्यंत चालतात, ‘जनरल’मध्ये २.५ पर्यंत. हिरवं लेबल म्हणजे भेसळ नव्हे. पण दुकानदार स्पेशलचा भाव सांगत असेल आणि फोटोत लेबल हिरवं असेल, तर विचारायला हवं.

हुबेहूब डब्यांचा प्रश्न याहून निराळा आहे, कारण तिथे लेबलवरचं सगळं खरं असू शकतं. नाव वेगळं, पत्ता वेगळा, परवाना स्वतःचा. फक्त रंग, चित्राची जागा, अक्षरांचं वळण दुसऱ्या नामांकित डब्यासारखं. आपण डबा वाचून नव्हे, आठवून ओळखतो, आणि नक्कल त्या आठवणीसाठी केलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये पार्ले बिस्किटांच्या खटल्यात हेच सांगितलं. दोन्ही पुड्यांवर एक मुलगी, गायी, कोंबड्या असं शेताचं चित्र होतं, तपशील निरनिराळे होते. न्यायालय म्हणालं की पुडे शेजारी ठेवून फरक मोजत बसायचं नाही. एकाची सवय असलेला माणूस दुसरा पुडा हाती दिल्यावर फसेल का, एवढंच पाहायचं. न्यायालयाची ती कसोटी विक्रेत्यासाठी आहे. आपण ग्राहक आहोत, आणि आपल्याला नेमकं उलट करता येतं. घरातल्या रिकाम्या डब्याचा फोटो आणि नव्या डब्याचा फोटो पडद्यावर शेजारी ठेवायचे. रंगाकडे, चित्राकडे पाहायचंच नाही. ब्रँडच्या नावातलं एकेक अक्षर, नावापुढे नव्याने चिकटलेलं ‘न्यू’ किंवा ‘गोल्ड’, उत्पादकाचं पूर्ण नाव, गाव, आणि चौदा आकडे, एवढंच जुळवायचं. नकलेला रंग जमतो. उत्पादकाचं नाव आणि क्रमांक मात्र बदलावेच लागतात, नाही तर तो सरळ बनावट माल होतो.

सगळ्यात जास्त काळजी मला दिव्याच्या तुपाची आणि पूजेच्या तेलाची वाटते. श्रावणात आणि नवरात्रात त्यांच्या बरण्या आणि डबे खाण्याच्या तुपाशेजारी, त्याच मांडणीवर, त्याच पिवळ्या रंगात असतात. ते खाण्यासाठी बनवलेलंच नसतं. २०२० च्या लेबलच्या नियमांनी अशा पाकिटावर चौकोनात काळी फुली सक्तीची केली आहे. शाकाहारी खुणेचा हिरवा ठिपका जिथे शोधता, तिथेच ही फुलीही शोधा. घरी पूजेचं तूप आणलं असेल आणि ते दुसऱ्या डब्यात काढून ठेवणार असाल, तर फुली त्या डब्यावरही स्वतःच्या हाताने काढा. स्वयंपाकाला मदत करणाऱ्या मावशींनी ते भाजीत घातलं तर चूक त्यांची नसते.

राहिला तो खऱ्या कंपनीचा खरा, पण दुसऱ्यांदा भरलेला डबा. तेलातुपासाठी एकदा वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हा त्याच कामाला वापरायला नियमांनी बंदी आहे. त्याची ओळख झाकणाच्या फोटोत पटते. जुन्या डब्याला तेल काढण्यासाठी पाडलेलं भोक डाख देऊन बुजवलेलं असतं, त्यावर राखाडी खरबरीत ठिपका दिसतो. झाकणाची कड ठोकून बसवलेली, तिच्या खाचेत गंज, कोपरे चेपलेले. चांगल्या डब्यावर छपाई थेट पत्र्यावर असते आणि सांध्यापर्यंत सलग जाते. कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर त्याच्या कडेखालून दुसऱ्या रंगाची, दुसऱ्या नावाची पट्टी डोकावते का ते बघा. बॅचची शाई ओरखड्यांच्या वरून गेलेली असेल, तर ओरखडे आधीचे आहेत, म्हणजे डबाही आधीचाच.

एवढं सगळं जुळलं तरी फोटो आतलं तेल दाखवत नाही. तुपात वनस्पती आहे का हे आम्ल आणि साखर घालून घरी ओळखण्याचे व्हिडिओ फिरतात. त्यात दिसणारा लाल रंग वनस्पतीचा नसतो, तिळाच्या तेलाचा असतो. भेसळ पकडता यावी म्हणून वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती करण्यात आली, त्यावर ही चाचणी उभी आहे. भेसळीसाठी तीळ नसलेली दुसरी चरबी वापरली असेल तर रंग येतच नाही, आणि भेसळीचं तूप या परीक्षेत पास होतं.

खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते, आणि तिथे जाण्याचा हक्क सामान्य ग्राहकालाही आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार आपण विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. अट एवढीच की हा तपासणीला जाणार आहे, असं दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. अहवालात माल नियमाबाहेरचा निघाला तर शुल्क परत मिळतं. नुसती तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि तेलातुपासाठी जिल्ह्याचं अन्न व औषध प्रशासन कार्यालय. तिथे जाताना डबा रिकामा करून नेऊ नका, आणि शक्य असेल तर उघडूही नका. बिल, झाकणावरचा बॅच क्रमांक आणि ते चार फोटो एकत्र ठेवा. त्याच बॅचचे आणखी डबे कुठे गेले हे अधिकाऱ्यांना त्या क्रमांकावरूनच शोधावं लागतं.